कुलूपबंद घरे आणि मतदारयादी : परिपत्रकाविषयी वाचकांचे प्रश्न

जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांच्या परिपत्रकानुसार आम्हा मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांना, म्हणजे बीएलओंना, घरोघरी जाऊन अनुपस्थित, स्थलांतरित आणि मयत मतदारांची यादी मुदतीत द्यायची आहे. माझ्या भागातील बरीच घरे कुलूपबंद आहेत, कारण माणसे निफाडकडे द्राक्षाच्या कामाला गेली आहेत. त्यांना स्थलांतरित दाखवायचे का?
— प्राथमिक शिक्षिका, सुरगाणा तालुका

नाही. परिपत्रकात हे तीन शब्द एका ओळीत येत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने ते तीन वेगळे प्रकार आहेत, आणि कुलूप पाहून त्यांपैकी फक्त पहिला, म्हणजे ‘भेटीच्या वेळी अनुपस्थित’ एवढाच, नोंदवता येतो. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० मध्ये स्पष्ट म्हटले आहे की, आपल्या नेहमीच्या राहण्याच्या ठिकाणाहून तात्पुरती दूर गेलेली व्यक्ती तेवढ्या कारणाने तेथील सर्वसाधारण रहिवासी असण्याचे थांबत नाही. त्याच कलमात असेही आहे की, एखाद्या ठिकाणी केवळ स्वतःचे घर आहे म्हणून कोणी तेथील रहिवासी ठरत नाही. त्यामुळे घराचे दार बंद आहे की उघडे, किंवा घरपट्टी कोणाच्या नावावर आहे, यावरून निर्णय होत नाही. ती व्यक्ती परत येऊन राहणार आहे का, हे पाहावे लागते.

आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो, कारण १ जानेवारी हा अर्हता दिनांक, म्हणजे मतदाराचे वय मोजण्याचा दिवस, धरून होणारे मतदारयादीचे पुनरीक्षण बहुधा हिवाळ्याच्या तोंडाशी येते, आणि नेमक्या त्याच काळात भातकापणी आटोपून सुरगाणा, पेठ, त्र्यंबकेश्वर भागातील कुटुंबे द्राक्षबागांच्या कामासाठी निफाड आणि दिंडोरीकडे उतरलेली असतात. ही माणसे शिमग्याला घरी येतात आणि पावसाच्या तोंडाशी भातलावणीसाठी राहायलाच परततात. अशा कुटुंबाला स्थलांतरित ठरवणे ही चूकच आहे, मग अहवालाची तारीख कितीही जवळ आलेली असो.

समजा, आपल्या यादीभागात एका कुलूपबंद घरावर पाच नावे आहेत : पती, पत्नी, पतीची आई, धाकटा भाऊ आणि बहीण. शेजारी, पोलीस पाटील आणि ज्या मुकादमाबरोबर माणसे गेली त्याच्याकडे चौकशी केल्यावर असे कळते की, पती-पत्नी हंगामी कामाला गेले आहेत, त्यांचे धान्य-भांडी घरातच आहेत आणि शेतही तेच कसतात. आई गेल्या पावसाळ्यात वारली. भाऊ काही वर्षांपासून निफाड तालुक्यात बायकामुलांसह खोली घेऊन राहतो आणि मुले तेथील शाळेत जातात. बहीण लग्न होऊन पेठ तालुक्यात नांदते.

एकाच कुलपामागे येथे चार वेगळ्या नोंदी आहेत. पती-पत्नीची नावे कायम ठेवण्याची शिफारस करावी, शेऱ्यात ‘हंगामी कामासाठी तात्पुरते बाहेर’ असे लिहावे आणि मिळाल्यास मोबाइल क्रमांक टिपून ठेवावा. आईचे नाव मयत म्हणून मृत्यूच्या दाखल्यासह पाठवावे. भाऊ खरोखर स्थलांतरित आहे, पण त्याचे नाव आधी वगळून नंतर त्याला कळवण्यापेक्षा त्याला फोन करून नवीन पत्त्यावर स्थलांतराचा नमुना ८ भरायला सांगणे योग्य, कारण सुरगाणा तालुका कळवण मतदारसंघात येतो आणि त्याचे नाव निफाड मतदारसंघात जायचे आहे. तेथील अर्ज मंजूर झाला की जुन्या जागेवरची नोंद त्याच प्रक्रियेत निघते आणि मधल्या काळात तो मताधिकाराविना राहत नाही. बहिणीलाही हाच मार्ग लागू होतो. पेठ तालुका दिंडोरी मतदारसंघात असल्याने तेथे तिचे नाव आधीच लागले आहे का, हे मात्र पाहून घ्यावे. तसे असेल तर कलम १७ नुसार दोन मतदारसंघांत नाव राहू शकत नाही, आणि जुनी नोंद काढण्यासाठी नमुना ७ घ्यावा.

आपल्या अहवालाची मुदत ही नाव वगळण्याची मुदत नव्हे, हे लक्षात ठेवावे. वगळण्याचा निर्णय मतदार नोंदणी अधिकाऱ्यांचा असतो. एखादी व्यक्ती त्या ठिकाणची रहिवासी राहिलेली नाही या कारणाने नाव काढायचे असेल, तर कलम २२ नुसार तिला म्हणणे मांडण्याची वाजवी संधी द्यावीच लागते. बंद दारावर चिकटवलेली नोटीस निफाडच्या बागेत असलेल्या माणसाला कशी कळणार? आपण शेऱ्यात लिहिलेला एक मोबाइल क्रमांक म्हणूनच मोलाचा असतो. ज्यांची माहिती मुदतीत मिळालीच नाही, त्यांना अंदाजाने कोणत्याही रकान्यात न ढकलता ‘चौकशी अपूर्ण’ असे लिहून पर्यवेक्षकांकडे पाठवावे.

गेल्या वर्षातील मृत्यूंची यादी ग्रामपंचायतीने बीएलओला द्यावी, असे परिपत्रकात आहे. मी नोंदवहीवरून यादी दिली, तरी बीएलओ म्हणतात की नावे कमी आहेत. माझी चूक कोठे झाली?
— ग्रामसेवक, दिंडोरी तालुका

आपली चूक नाही. मृत्यूची नोंद मृत्यू जेथे झाला तेथे होते, मृत व्यक्ती राहत होती तेथे नव्हे. गावातील माणूस नाशिक शहरातील रुग्णालयात वारला, तर ती नोंद महानगरपालिकेच्या दप्तरी जाते आणि आपल्या नोंदवहीत कधीच येत नाही. शिवाय २१ दिवसांत मृत्यू कळवणे बंधनकारक असले, तरी पाड्यांवरील काही मृत्यूंची नोंदच केली जात नाही. म्हणून आपल्या यादीखाली ‘ही यादी केवळ या ग्रामपंचायतीत नोंदलेल्या मृत्यूंची आहे’ असे एक वाक्य लिहावे. उरलेली नावे बीएलओने नातेवाइकांकडून नमुना ७ आणि दाखल्याची प्रत घेऊन पूर्ण करावीत.

उलट बाजूची चूक अधिक गंभीर असते. एकाच गावात, एकाच आडनावाच्या दोन व्यक्तींची नावे आणि वडिलांची नावेही सारखी निघतात, आणि दाखल्यावर मतदार ओळखपत्राचा क्रमांक बहुधा नसतो. केवळ नाव जुळले म्हणून खूण केली, तर जिवंत माणूस मयत ठरतो. वय, पती किंवा वडिलांचे नाव आणि घर या तिन्ही गोष्टी जुळवून, घरी जाऊन खात्री केल्यावरच नोंद करावी. ग्रामसभेत मतदारयादीचे वाचन ठेवले, तर अशी चूक तेथल्या तेथे उघड होते, कारण ज्याला मयत दाखवले तो स्वतः किंवा त्याचा भाऊ समोर बसलेला असतो.

एका पक्षाच्या कार्यकर्त्याने ‘हे लोक गावात राहत नाहीत’ असे सांगून नमुना ७ चे चाळीस अर्ज एकदम आणून दिले. मुदत संपत आली असल्याने ते घ्यावेच लागतील, असे तो म्हणतो. मी काय करावे?
— बीएलओ, इगतपुरी तालुका

आणणारी व्यक्ती त्या पक्षाची रीतसर नेमलेली मतदान केंद्रस्तरीय प्रतिनिधी आहे का, हे आधी विचारावे. असा प्रतिनिधी एका दिवशी जास्तीत जास्त १० अर्ज देऊ शकतो, आणि संपूर्ण कालावधीत त्याचे अर्ज ३० पेक्षा अधिक झाले, तर त्यांची उलटतपासणी मतदार नोंदणी अधिकारी किंवा सहायक मतदार नोंदणी अधिकारी यांनी स्वतः करायची असते. प्रतिनिधी नसलेल्या व्यक्तीने इतरांचे अर्ज गठ्ठ्याने आणले, तर ते स्वीकारायचे नसतात.

दुसरी तपासणी अर्जावरील सहीची. हरकत घेणारा स्वतः त्याच मतदारसंघाच्या यादीतील मतदार असला पाहिजे. चाळीस अर्जांवर चाळीस वेगळ्या सह्या पण अक्षर एकच दिसत असेल, तर सही करणाऱ्यांपैकी काहींना भेटून ‘ही हरकत आपण घेतली आहे का’ असे विचारावे आणि उत्तर नोंदवहीत लिहावे. खोटे निवेदन केल्यास लोकप्रतिनिधित्व अधिनियमाच्या कलम ३१ नुसार एक वर्षापर्यंत कारावास किंवा दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे त्या कार्यकर्त्याला शांतपणे, साक्षीदारासमोर सांगावे. ज्यांच्याविरुद्ध हरकत आहे त्यांच्यापैकी किती जण हंगामी मजूर आहेत, हेही अहवालात अवश्य यावे, कारण पहिल्या उत्तरात सांगितलेली तात्पुरती अनुपस्थितीची तरतूद नेमकी त्यांच्यासाठी आहे.

मुदतीत काम झाले नाही तर कलम ३२ खाली कारवाई होईल, असे परिपत्रकाच्या शेवटी लिहिले आहे. मी अंगणवाडी सेविका आहे. आजारपणामुळे माझ्या दोन वाड्या राहिल्या. माझ्यावर गुन्हा दाखल होईल का?
— बीएलओ, त्र्यंबकेश्वर तालुका

त्याच अधिनियमाच्या कलम ३२ मधील शिक्षा कडक आहे : किमान तीन महिने, कमाल दोन वर्षे कारावास, आणि दंड. परंतु हे कलम ‘वाजवी कारणाशिवाय’ केलेल्या कर्तव्यभंगाला लागू होते, आणि निवडणूक आयोगाच्या किंवा राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या आदेशाने किंवा त्यांच्या अधिकाराखाली तक्रार झाल्याशिवाय न्यायालय त्याची दखल घेऊ शकत नाही. मुदत चुकली की लगेच गुन्हा, असे होत नाही. मात्र वाजवी कारण कागदावर असावे लागते. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडून, राहिलेल्या वाड्यांची नावे व घरांची संख्या लिहून, मुदत संपण्यापूर्वीच पर्यवेक्षकांना लेखी कळवावे आणि पोच घ्यावी.

भीतीपोटी न गेलेल्या घरी गेल्याचे लिहू नये. उशीर समजावून सांगता येतो, पण न झालेली भेट नोंदवहीत दाखवली, तर तीच नोंद उद्या आपल्याविरुद्ध पुरावा ठरते. परिपत्रके तयार करणाऱ्या अधिकाऱ्यांनीही एक पाहावे, असे मला मनापासून वाटते : घरभेटींची अंतिम तारीख आणि अहवालाची अंतिम तारीख एकच ठेवली, की डोंगराळ भागातील कर्मचाऱ्याला खोटी नोंद किंवा उशीर यांतून एक निवडावे लागते.

माझ्या मुलीला मार्चमध्ये १८ वर्षे पूर्ण होतात. जानेवारीच्या यादीत ती बसत नाही, तर वर्षभर थांबावे लागेल का?
— पालक, नाशिक शहर

नाही. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक आहेत. तिने नावनोंदणीचा नमुना ६ याच मोहिमेत आगाऊ भरावा. १ एप्रिलच्या तिमाहीत त्यावर निर्णय होईल.

शिमग्याला गावी आलो तेव्हा कळले की माझे आणि पत्नीचे नाव ‘स्थलांतरित’ म्हणून निघाले. आम्हाला नोटीस मिळाली नव्हती. आता काय करता येईल?
— शेतमजूर, पेठ तालुका

दोन मार्ग आहेत आणि दोन्ही एकाच वेळी धरावेत. पहिला, नमुना ६ भरून नाव पुन्हा लावून घ्यावे. नोंदणी वर्षभर सुरू असते, अर्जाची सूचना लागल्यावर हरकतींसाठी सात दिवस ठेवलेले असतात, आणि फक्त निवडणुकीच्या नामनिर्देशनाची शेवटची तारीख उलटल्यावर त्या निवडणुकीपुरती यादीत भर पडत नाही. दुसरा, तहसील कार्यालयातून वगळणीच्या आदेशाची प्रत आणि नोटीस बजावल्याचा पुरावा मागावा. त्या आदेशाविरुद्ध जिल्हाधिकाऱ्यांकडे १५ दिवसांत अपील करता येते, आणि तेथे न्याय मिळाला नाही, तर ३० दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. १५ दिवस उलटून गेले असतील, तर नोटीस न मिळाल्याचे आणि आदेश उशिरा कळल्याचे कारण अपिलात तारखेसह लिहावे.

सोबत रेशनकार्डाची प्रत, शेतीचा उतारा असल्यास तो, आणि आपण दरवर्षी हंगामापुरते बाहेर जाता असे शेजाऱ्यांचे लेखी म्हणणे जोडावे. पुढच्या खेपेस बागेकडे निघण्यापूर्वी आपला मोबाइल क्रमांक आणि परतण्याचा महिना बीएलओकडे लिहून द्यावा.