अनुभवी उद्योजकाला मार्गदर्शनासाठी ईमेल कसा लिहावा?

प्रश्न: मी साताऱ्यात घरूनच शेंगदाणा चटणी आणि मेतकूट बनवून विकते. आमच्याच भागातल्या एका मोठ्या खाद्यपदार्थ उद्योजकांनी मला मार्गदर्शन करावे असे वाटते, पण ओळख नाही. त्यांना ईमेल कसा लिहू? मसुदा दोन पानांचा झाला आहे.

उत्तर:

सांगली जिल्ह्यात माझा हळद-मसाल्याचा व्यवसाय आहे आणि त्याला आता चोवीस वर्षे होतील. आपण लिहू पाहता तसे ईमेल मला महिन्याला तीन-चार येतात. त्यांपैकी बहुतेकांना मी उत्तर देत नाही, आणि त्याचे कारण वेळेचा अभाव हे नसते. 'मला मार्गदर्शन करा' असे कोणी लिहिले की नेमके काय करायचे, किती दिवस करायचे आणि कशावर बोलायचे हे मलाच ठरवावे लागते. तेवढा विचार उद्यावर ढकलला जातो आणि ईमेल खाली सरकत जातो. म्हणून माझा पहिला सल्ला असा की पहिल्या ईमेलमध्ये 'मार्गदर्शक व्हा' ही मागणीच करू नये. ज्याचे उत्तर वीस मिनिटांत देता येईल असा एकच प्रश्न विचारावा.

मीही ही चूक केलेली आहे. व्यवसाय सुरू केला तेव्हा मी एका जुन्या मसालेवाल्यांना चार पानी पत्र पाठवले होते. त्यात माझे शिक्षण, वडिलांची शेती, माझी स्वप्ने असे सगळे होते. प्रश्न मात्र कुठेच नव्हता. पुढे एका प्रदर्शनात त्यांच्या हिशेबनिसाची गाठ पडली. पत्र साहेबांच्या टेबलावर महिनाभर होते, 'याला काय हवे आहे ते बघ' असे सांगून ते माझ्याकडे दिले आणि मलाही ते समजले नाही, असे त्यांनी हसत सांगितले.

प्रश्न निवडताना एक कसोटी लावावी. जे पुस्तकात, सरकारी संकेतस्थळावर किंवा सनदी लेखापालाकडे मिळते ते उद्योजकाला विचारू नये. समजा, एक वितरक आपल्याकडे ४५ दिवसांची उधारी मागत आहे. कायदा काय म्हणतो हे आपण स्वतः शोधू शकता: सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ नुसार नोंदणीकृत सूक्ष्म वा लघु उत्पादकाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत द्यावे लागतात. साताऱ्याच्या बाजारात वितरक प्रत्यक्षात कधी पैसे देतो, पहिल्या दोन खेपांना रोख मागितली तर तो काय म्हणतो आणि 'माल परत घेण्याची' अट कुठपर्यंत ताणतो, हे मात्र कोणत्याही अधिनियमात लिहिलेले नाही. ते ज्याने भोगले आहे त्यालाच ठाऊक असते, आणि भोगलेले सांगायला माणसाला आवडते.

ईमेल कोणाला पाठवायचा याचाही विचार करावा. आपल्याच मालाचा, आपल्याच तालुक्यातील उत्पादक आपला स्पर्धक असतो. तो सभ्य असला तरी हात राखूनच बोलेल. त्याऐवजी ज्याचा माल वेगळा आहे पण दुकाने तीच आहेत, असा माणूस शोधावा. पापड, लोणची किंवा फरसाण करणाऱ्याचा माल त्याच वितरकाच्या टेम्पोतून फिरतो आणि आपल्या यशाने त्याचे काहीही नुकसान होत नाही. आपण ज्या मोठ्या उद्योजकांचा उल्लेख केला आहे तेही चटणीच करत असतील, तर मी दुसरे नाव शोधेन.

आता प्रत्यक्ष ईमेल. आपले खरे आकडे मला माहीत नाहीत, म्हणून खालील आकडे कल्पिलेले आहेत. आपण आपले घालावेत.

विषय: वितरकाला ४५ दिवसांची उधारी द्यावी का? फोनवर २० मिनिटांची विनंती

> आदरणीय साहेब,
>
> मी साताऱ्यात चौदा महिन्यांपासून शेंगदाणा चटणी आणि मेतकूट तयार करते. सध्या २२ किराणा दुकानांत मी स्वतः माल पोहोचवते आणि महिन्याला २०० ग्रॅमची सुमारे ४०० पाकिटे रोखीने विकली जातात.
>
> आपले पापड कराडपासून वाईपर्यंतच्या अगदी लहान दुकानांतही दिसतात, आणि ते वितरकामार्फत येतात असे तेथील दोन दुकानदारांकडून कळले. म्हणून आपल्याला लिहीत आहे.
>
> एक वितरक माझी महिन्याला ६०० पाकिटे ६० दुकानांत न्यायला तयार आहे. त्याला ४५ दिवसांची उधारी हवी आहे आणि न विकलेला सर्व माल मी परत घ्यावा अशी त्याची अट आहे. एका पाकिटाला मला ५४ रुपये खर्च येतो, म्हणजे पहिले पैसे येईपर्यंत माझे ४८,६०० रुपये अडकतील. खेळते भांडवल ६०,००० आहे.
>
> आपण पहिल्या वितरकाशी कोणती अट मान्य केली आणि कोणती नाकारली, एवढेच विचारायचे आहे. येत्या दोन आठवड्यांत आपल्या सोयीने २० मिनिटे फोनवर बोलता आले तर आभारी होईन. वेळ नसेल तर दोन ओळींचे उत्तरही मला उपयोगी पडेल.
>
> आपली नम्र,
> (नाव, गाव, फोन क्रमांक)

हा मजकूर मोबाइलवर दोन वेळा बोट सरकवले की वाचून संपतो. त्यातील दुसरा परिच्छेद लोक सहसा चुकवतात. 'आपण आमचे प्रेरणास्थान आहात' हे वाक्य कोणालाही पाठवता येते आणि वाचणाऱ्याला ते कळते. 'आपले पापड वाईच्या लहान दुकानात दिसले आणि मी दुकानदाराला विचारले' हे वाक्य मात्र स्वतः चौकशी केल्याशिवाय लिहिता येत नाही. ते खरे असले पाहिजे. त्यासाठी आधी दोन-तीन दुकाने फिरावी लागली तर फिरावीत.

आकडे का द्यायचे, हे मी वाचणाऱ्याच्या बाजूने सांगतो. असा ईमेल मला आला, तर ६०० पाकिटे, ४५ दिवस आणि ५४ रुपये एवढे वाचून दीड महिन्याची ९०० पाकिटे असा हिशेब मी मनातच पडताळतो. तो बरोबर निघाला की या बाईंना आपला धंदा कळतो, एवढी खात्री होते. पुढे मला असेही दिसते की त्यांना काळजी उधारीची आहे, पण त्यांना बुडवील ती परतीची अट. शेंगदाण्यात तेल असते, उष्णतेने आणि हवेने ते खवट होते, आणि दोन महिन्यांनी दुकानातून परत आलेले पाकीट पुन्हा विकता येत नाही. उधारीचे पैसे उशिरा का होईना येतात. परत आलेल्या चटणीचे ५४ रुपये गेलेच. मी तर त्यांना सांगेन की परतीला खेपेच्या पाच टक्क्यांची मर्यादा घाला आणि माल परत करायची मुदत पाकिटावरील तारखेच्या किमान तीन आठवडे आधी ठेवा, म्हणजे तो आठवडी बाजारात सवलतीने काढता येईल. हा सल्ला ईमेलमध्ये विचारलेल्या प्रश्नाच्या शेजारचा आहे, आणि आकडे नसते तर तो मला सुचलाच नसता.

काय विचारू नये, तेही थोडक्यात सांगतो. कच्चा माल कोणाकडून व कोणत्या भावाने घेता, पाककृती काय आहे, किंवा आपल्या वितरकाचा क्रमांक द्याल का, असे पहिल्या ईमेलमध्ये विचारल्यास दार बंद होते. सोबत कंपनीची माहितीपुस्तिका किंवा बायोडेटा जोडू नये. अनोळखी माणसाने जोडलेली फाइल मी तरी उघडत नाही. व्यवसायाचा फोटो पाठवावासा वाटलाच तर मागितल्यावर पाठवावा.

पत्ता आणि वेळ यांकडे लोक दुर्लक्ष करतात. संकेतस्थळावरील info ने सुरू होणारा पत्ता बहुधा विक्री विभागातील मुलगा पाहतो आणि आपला ईमेल तो 'चौकशी' म्हणून बाजूला ठेवतो. कार्यालयात फोन करून 'साहेबांना व्यवसायाविषयी एक पत्र पाठवायचे आहे, ते स्वतः कोणता ईमेल पाहतात?' असे विचारल्यास निम्म्या ठिकाणी पत्ता मिळतो. काही जण 'व्हॉट्सअॅप करा' म्हणतील. तिथेही हाच मजकूर पाठवावा, आवाजाचा संदेश नको. वेळेचे म्हणाल तर मसाले आणि पापडवाल्यांचा हंगाम फेब्रुवारीअखेरपासून मेपर्यंत चालतो. दिवाळीपूर्वीचे सहा आठवडे फराळाच्या धंद्यातील कोणाकडेच फुरसत नसते. जुलै किंवा ऑगस्टमध्ये पाऊस लागला की आम्ही कार्यालयात बसलेले असतो.

उत्तर आले नाही तर दहा-बारा दिवसांनी त्याच ईमेलखाली दोन ओळींची आठवण करावी आणि तिथे थांबावे. तिसरी आठवण तगाद्यासारखी वाटते. मधल्या काळात दुसऱ्या उद्योजकाला लिहायला हरकत नाही. मात्र एकच मजकूर नाव बदलून पाच जणांना पाठवू नये, कारण एका जिल्ह्यातील व्यापारी एकमेकांना ओळखतात आणि असे ईमेल आम्ही चहावर एकमेकांना दाखवतो. वैयक्तिक ईमेलने काम झाले नाही आणि नियमित मार्गदर्शकच हवा असेल, तर भारतीय युवा शक्ती ट्रस्टसारख्या संस्था नवउद्योजकाला मार्गदर्शक जोडून देतात. त्यांच्या वयाच्या व इतर अटी आधी पाहून घ्याव्यात.

आणि फोन झाला, तर वीस मिनिटे होताच 'साहेब, वेळ झाली, ठेवू का?' असे आपणच म्हणावे. पुढे वितरकाशी बोलणे झाल्यावर, साधारण महिन्याभराने, चार ओळींत कळवावे: आपण सांगितल्याप्रमाणे परतीची मर्यादा मागितली, तो आठ टक्क्यांवर तयार झाला, पहिली खेप अमुक तारखेला गेली, इतकी पाकिटे परत आली. मला सल्ला मागणाऱ्यांत असे कळवणारे आजवर दोघेच भेटले, आणि त्या दोघांचे फोन मी अजूनही पहिल्या घंटीला घेतो.