लीजची मुदत संपली की बिल्डिंग कुणाची? आधी डीडचं शेवटचं पान वाचा

प्रश्न: वडिलांनी कोल्हापुरात राजारामपुरीत एकाची मोकळी जागा 30 वर्षांच्या भाडेपट्ट्यानं घेतली आणि स्वतःच्या पैशानं दोन मजली बिल्डिंग बांधली. पुढच्या वर्षी मुदत संपते. मालक म्हणतो बिल्डिंग पण माझीच, एक रुपया देणार नाही. घरफाळा आमच्या नावावर येतो. बिल्डिंग नक्की कुणाची?

उत्तर:

मी वकील नाही, सिव्हिल इंजिनिअर आहे, व्हॅल्युएशनची कामं करतो आणि आमच्या मावसांचं अगदी असंच प्रकरण 2021 ला जवळून बघितलंय, म्हणून लिहितोय.

आज तारखेला बिल्डिंग तुमची आहे. जमीन ज्याची त्याचं वरचं सगळं हा इंग्लंडचा जुना नियम आपल्याकडं जसाच्या तसा चालत नाही, जमीन एकाची आणि वरची इमारत दुसऱ्याची असू शकते हे आपल्या कोर्टांनी फार पूर्वीपासून मान्य केलंय. घरफाळ्याचं बिल म्हणजे काही मालकीचा कागद नव्हे, पण बांधलं कुणी आणि इतकी वर्षं वापरतंय कोण हे दाखवायला ते कामाला येतं. त्याच्याबरोबर महापालिकेची बांधकाम परवानगी शोधून काढा, त्या अर्जावर किंवा नकाशावर जागामालकाची सही असेल तर सोन्याहून पिवळं, कारण मालकाच्या संमतीशिवाय पक्कं बांधकाम करायचं नाही असं कायदाच म्हणतो (मालमत्ता हस्तांतरण कायदा 1882, कलम 108 पी) आणि ऐनवेळी मालक हाच मुद्दा काढतात.

पण मुदत संपल्यावर काय, हे डीडमधल्या एका कलमावर ठरतं. ते बहुतेक शेवटच्या पानावर असतं, सह्यांच्या जरा वर, आणि सही करताना ते कुणी वाचलेलं नसतं कारण 30 वर्षं म्हणजे तेव्हा जन्मभर वाटतात. तिथं काय लिहिलंय बघा. एक तर लिहिलेलं असतं की मुदत संपल्यावर बांधकामासह जागेचा ताबा कोणताही मोबदला न घेता मालकाला द्यायचा. असं असेल तर तुमचा मालक बरोबर बोलतोय, कितीही जिवावर आलं तरी. 1958 ला सुप्रीम कोर्टापुढं मुंबईचं असंच प्रकरण गेलं होतं, धैर्यवान विरुद्ध ठाकूर. जागा लीजवर, बिल्डिंग भाडेकरूनं बांधायची, मुदत संपल्यावर मालकाला द्यायची. कोर्टानं सांगितलं की मुदतीपर्यंत बिल्डिंग भाडेकरूची, आणि म्हणूनच ती भाड्यानं दिलेली वस्तू नव्हे, मग तिला भाडेकरू कायद्याचं संरक्षण कसलं? करारात कबूल केलंय तसं बिल्डिंग देऊन टाका. म्हणजे बिल्डिंग माझीच हा भाडेकरूचा मुद्दा शेवटी त्याच्यावरच उलटला.

ह्या कलमाचं दुसरं रूप म्हणजे भाडेकरूनं बांधकाम काढून न्यायचं, न नेल्यास ते मालकाचं होईल. तिसरं म्हणजे मालकानं किंमत ठरवून मोबदला द्यायचा, हे फार कमी डीडमध्ये दिसतं पण असतं. आणि चौथी शक्यता, काहीच लिहिलेलं नाही. तिथं कलम 108 एच लागू होतं, ते सांगतं की जमिनीला जोडलेलं जे जे तुम्ही लावलंय ते मुदत संपल्यावरसुद्धा काढून नेता येतं, पण ताबा तुमच्याकडं आहे तोवरच, आणि जागा मिळाली होती तशी परत करायची. ताबा सोडला की हा हक्क गेला. भरपाई द्या असं मात्र कायदा मालकाला कुठं सांगत नाही. मी पैसे घातलेत म्हणून मला मिळायला पाहिजेत हे माणूस म्हणून बरोबर असलं तरी कोर्टात नुसत्या त्याच्यावर भागत नाही, कारण जागा दुसऱ्याची आहे हे तुम्हाला बांधताना माहीत होतं.

आता मावसांचं सांगतो म्हणजे हे पैशात कसं उतरतं ते कळेल. उद्यमनगरच्या बाजूला तीन गुंठे जागा, 1991 चं रजिस्टर लीज, 30 वर्षं. मागं पत्र्याचं शेड, त्यात लेथ आणि ड्रिलिंग मशिनं, आणि पुढं रस्त्याला लागून आरसीसी दुमजली, दोन्ही मजले मिळून 1200 चौरस फूट, खाली दोन गाळे वर ऑफिस. त्यांच्या डीडमध्ये वरचं दुसरं रूप होतं, काढून न्या नाहीतर मालकाचं.

शेडचं काही अवघड नव्हतं. कैच्या नटबोल्टवर होत्या, पत्रे होते, चॅनेल होते, आठ दिवसांत सगळं उतरवून गोकुळ शिरगावला नेऊन परत उभं केलं. त्रास झाला तो मशिनांच्या फाउंडेशनचा. जागा होती तशी म्हणजे जमिनीखालचं काँक्रीट पण काढायचं, ब्रेकर लावून ते फोडायला आणि मुरूम भरायला जेवढा खर्च आला तेवढा कुणी धरलाच नव्हता.

आरसीसी बिल्डिंग मात्र उचलून नेता येत नाही. मी हिशोब मांडला. तेव्हा तशी बिल्डिंग नवीन बांधायला साधारण 1800 रुपये फूट धरलं तर 21 लाख 60 हजार. आरसीसीचं आयुष्य 60 वर्षं धरतात, शेवटी 10 टक्के भंगार उरतं असं मानतात, म्हणजे 30 वर्षांचा घसारा 45 टक्के, उरली 55 टक्के, पावणेबारा लाखांच्या आसपास. हे मालकाच्या दृष्टीनं, कारण त्याला उभी, चालू बिल्डिंग मिळणार. मावसांच्या दृष्टीनं किंमत किती? पाडून न्यायचं तर सळई साडेतीन-चार टन, भंगारात लाख-सव्वा लाख, आणि पाडायला, डबर उचलायला जवळपास तेवढेच जाणार. दारं-खिडक्या, फिटिंग धरून फार तर हातात वीस-तीस हजार.

म्हणजे तीच बिल्डिंग एकाला शून्य आणि दुसऱ्याला पावणेबारा लाख. मावसांनी खरंच पाडली तर त्यांचं काही जात नव्हतं पण मालकाचं पावणेबारा लाखांचं नुकसान होतं. हे मालकाच्या मुलाच्या डोक्यात शिरायला दोन महिने लागले. तो पहिल्यांदा म्हणाला, "काका, पाडून दाखवा." मावसांनी पाडणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन आणून त्याच्यापुढं ठेवलं, त्यानंतर बोलणी सुरू झाली आणि पाच लाखांवर मिटलं. ही बोलणी मुदतीच्या आत झाली, चावी मावसांच्या खिशात होती म्हणून झाली. चावी दिल्यावर हाच मुलगा चहासुद्धा पाजला नसता.

एक लक्षात घ्या, तुमच्या डीडमध्ये बिल्डिंगसह ताबा द्यायचा असं लिहिलेलं असेल तर हा डाव खेळू नका. तिथं पाडणं म्हणजे करारभंग, मालक मनाई हुकूम आणेल आणि वर नुकसानभरपाई मागेल.

मावसांची खरी अडचण झाली ती एका गाळ्यातल्या सलूनवाल्यामुळं. त्याला मावसांनी पोटभाड्यानं दिलं होतं आणि तो म्हणायला लागला की मी बिल्डिंगमधला भाडेकरू, मला कायद्यानं हलवता येत नाही. मावसांकडं जेवढा हक्क होता त्याच्यापेक्षा जास्त ते त्याला देऊ शकत नव्हते हे बरोबर, पण वाद घालणारा माणूस आत बसलाय म्हटल्यावर मालक मोकळा ताबा मागणार आणि पैसे अडवणार. शेवटी त्याला पाचातले साठ हजार देऊन उठवला. तुमच्याकडं पोटभाडेकरू असतील तर आत्तापासून त्यांच्याशी बोला.

तुम्हाला कुणी ना कुणी सांगेलच की नुसतं बसून राहा, भाडेकरू कायदा आहे. जरा दमानं. 1947 च्या मुंबई भाडे कायद्यात शेतीशिवायची मोकळी जमीन पण 'जागा' धरली जायची. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या व्याख्येत इमारत आहे, मोकळी जमीन नाही. तुमच्या वडिलांनी घेतली ती मोकळी जमीन, आणि लीज जुन्या कायद्याच्या काळातलं, त्यामुळं हा मुद्दा दिवाणी वकिलाला डीड दाखवूनच विचारा, कट्ट्यावरच्या सल्ल्यावर बिल्डिंग लावू नका.

नूतनीकरणाचं कलम असेल तर ते पण नीट वाचा. 'उभयतांच्या संमतीने मुदत वाढवता येईल' ह्याला काही किंमत नाही, मालक नाही म्हणाला की विषय संपला. 'भाडेकरूने मुदतीपूर्वी अमुक महिने लेखी कळवल्यास मालकाने वाढवून द्यावे' असं असेल तर तो हक्क आहे, पण ती तारीख चुकली की तो पण गेला, म्हणून आजच कॅलेंडर बघा आणि नोंदणीसह स्पीड पोस्टानं पाठवा. पुष्कळ डीडमध्ये नूतनीकरण लिहिलेलंच नसतं, नुसतं तोंडी ठरलेलं असतं, त्याला एक कारण स्टॅम्प ड्युटी. आत्ताच्या नियमानं 10 वर्षांच्या वर 29 वर्षांपर्यंतच्या लीजला बाजारभावाच्या 50 टक्क्यांवर ड्युटी बसते आणि त्यापुढं 90 टक्क्यांवर, आणि डीडमध्ये लिहिलेली वाढीव मुदत पण त्यात मोजतात. ड्युटी वाचवायला 29 वर ठेवायचं आणि पुढचं बघू म्हणायचं, मग पुढचं बघायला मुलं येतात, जशी तुम्ही आलात. नवीन लीज करायचं ठरलं तर हे डोक्यात ठेवा आणि ह्यावेळी मोबदल्याचं कलम आकड्यासह नाही तरी पद्धतीसह लिहून घ्या, म्हणजे व्हॅल्युअर कोण नेमणार आणि घसारा किती वर्षांवर धरणार.

आणि मुदत संपल्यावर मालक गप्प भाडं घेत राहिला तर लीज 30 वर्षांनी वाढलं असं समजू नका. दुकान-घरासाठीचं असेल तर ते महिन्या-महिन्याचं होतं, 15 दिवसांच्या नोटिशीवर संपतं. कारखान्यासाठीचं असेल तर वर्षा-वर्षाचं, सहा महिन्यांची नोटीस लागते.

डीड घरात नसेल तर सब-रजिस्ट्रार ऑफिसमधून इंडेक्स टू आणि नक्कल काढा, दस्त नंबर आणि वर्ष असलं की मिळते. ते शेवटचं कलम नावं काढून जसंच्या तसं इथं टाइप करा, एक शब्द पण गाळू नका, मग तुमचं वरच्या चारपैकी कुठं बसतं ते सांगतो.