फलाटावरचा निरोप: कृती एकच, पण तिला काम द्या

तुमच्या कथेत दोघे म्हातारे मित्र मिठी मारतात, रुमाल काढतात, हात हलवतात आणि डोळेही पुसतात. चारही कृती एकमेकींचा जोर काढून घेतात. एकच ठेवा, आणि शक्यतो मिठी नको. ती कुणाचीही असू शकते.

कृती साध्या गरजेतून यावी. समजा, जाणाऱ्याची बोटं थरथरतात आणि स्वेटरचं वरचं बटण त्याला लागत नाही. सुरुवातीला, दोघे बाकावर बसलेले असताना, त्याला एकदा खटपट करून बटण तसंच सोडून देऊ द्या. मित्र ते पाहतो, बोलत नाही. थरथरीचं कारण सांगू नका. मग गप्पा गोळ्यांच्या, गाडीच्या उशिराच्या, खिडकीच्या जागेच्या. गाडी येते, तो डब्याच्या दारात उभा राहतो, शिट्टी होते, आणि तेव्हा मित्राचा हात बटणाकडे जातो.

फलाटाचा खरा फायदा हा की वेळ गाडी ठरवते. म्हणून बटण पहिल्या झटक्यात लागू देऊ नका. काजातून एकदा निसटू द्या. डबा हलू द्या, लावणाऱ्याला दोन पावलं सोबत चालू द्या.

त्यानंतर 'त्याला जुने दिवस आठवले' असं वाक्य आलं असेल तर ते झाकून कथा वाचा. अर्थ पोचला तर वाक्य खोडा. नाही पोचला, तर शेवटाला हात न लावता बाकावरचा प्रसंग दोन वाक्यांनी वाढवा.