कापलेली नव्वद पिक्सेलची पट्टी

प्रश्न : मी घरीच हस्तकलेचे वर्ग घेते. एका सोशल मीडिया खात्यावर पावसात उड्या मारणाऱ्या बेडकाचं पाच सेकंदांचं अ‍ॅनिमेशन दिसलं. फारच गोड होतं. भाच्याकडून ते उतरवून त्याची छोटी जीआयएफ करून घेतली आणि आधी घरच्या ग्रुपवर टाकली. नंतर वर्गाच्या पेजवर 'प्रवेश सुरू' या जाहिरातीत वापरली. फाईल मोठी होत होती, म्हणून खालची पट्टी कापली. तिच्यावर चित्रकाराचं नाव होतं. आता त्याचा मेसेज आला आहे : सात दिवसांत अमुक रक्कम द्या, नाहीतर पोलिसांत जातो. पाच सेकंदांसाठी एवढं? आणि सगळे जण हेच तर करतात ना?

उत्तर : नमस्कार. आधी एक काम करा. जाहिरात पेजवरून आजच उतरवा, पण त्याआधी तिचा स्क्रीनशॉट घ्या. त्यात तारीख, किती जणांनी पाहिली तो आकडा आणि प्रतिक्रिया दिसल्या पाहिजेत. भाच्याला सांगा की मूळ `clip.mp4`, तयार झालेली `clip.gif` आणि त्याने चालवलेली कमांड यांतलं काहीही पुसू नकोस. घाबरून सगळं डिलीट करणारे पक्षकार मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांची बाजू मांडायला मग हातात कागदच उरत नाही.

तुमच्या हातून तीन वेगवेगळ्या गोष्टी घडल्या आहेत आणि कायदा त्यांना एका मापाने मोजत नाही.

पहिली गोष्ट म्हणजे फाईल उतरवून फोनवर ठेवणं. कॉपीराइट कायदा, १९५७ मध्ये अ‍ॅनिमेशन 'चलच्चित्रपट' या व्याख्येत बसतं, कारण दृश्यांचं कुठलंही मुद्रण त्यात येतं. ते इलेक्ट्रॉनिक स्वरूपात साठवणं हासुद्धा कलम १४ प्रमाणे हक्कधारकाचाच अधिकार आहे. मात्र कलम ५२ च्या सुरुवातीलाच खाजगी किंवा वैयक्तिक वापरासाठीच्या उचित वापराला सूट दिली आहे, आणि त्या वापरासाठी केलेली साठवणूकही उल्लंघन ठरत नाही असं खाली स्पष्टीकरण आहे. एमपी४ची जीआयएफ केल्याने यात काही फरक पडत नाही. आवाज जातो, एका चौकटीत जास्तीत जास्त २५६ रंग उरतात, तरी ती प्रतच. रूपांतर करणाऱ्याला त्यात कुठला नवा हक्कही मिळत नाही. प्लॅटफॉर्मच्या अटींत डाउनलोडला मनाई असू शकते, पण तो तुमचा आणि प्लॅटफॉर्मचा करार झाला. त्यावरून तुमचं खातं बंद होऊ शकतं. एकटीने बघायला बेडूक फोनवर ठेवला म्हणून कोणी तुमच्या दारात येणार नाही. घरच्या ग्रुपवर टाकणं ही कड आहे. खाजगीपणा किती माणसांपर्यंत टिकतो याचा आकडा कायद्याने दिलेला नाही, पण सख्ख्या सहा-सात जणांच्या ग्रुपवरून भांडण पेटलेलं मी पाहिलेलं नाही.

दुसरी गोष्ट जाहिरातीची. इथे सूट संपते. वर्गाची फी घेणाऱ्या पेजवर प्रवेशासाठी वापरलेलं चित्र वैयक्तिक वापरात बसवता येणार नाही, आणि जाहिरात म्हणजे समीक्षा किंवा वृत्तांकनही नव्हे. राहता राहिला 'पाच सेकंदच'चा मुद्दा. हा मुद्दा दर आठवड्याला कोणी ना कोणी मांडतं. दोन तासांच्या चित्रपटातले पाच सेकंद आणि पाच सेकंदांच्या कलाकृतीतले पाच सेकंद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. न्यायालय घेतलेला भाग मूळ कामाच्या तुलनेत किती आणि किती महत्त्वाचा, हे बघतं. इथे तुम्ही नुसता भाग नव्हे, सगळंच घेतलंत. बेडूक उडी मारतो, डबक्यात पडतो, पुन्हा वर येतो आणि तिथूनच फेरी सुरू होते. अख्खी कलाकृती एवढीच आहे आणि तुमच्या जीआयएफमध्ये ती अख्खी आहे. 'सगळे करतात' याबद्दल एवढंच म्हणेन की न्यायाधीशांपुढे ते वाक्य उच्चारू नका. कीबोर्डमध्ये तयार मिळणाऱ्या जीआयएफनाही हेच लागू. गप्पांमध्ये पाठवणं वेगळं आणि व्यवसायाच्या जाहिरातीत चिकटवणं वेगळं.

तिसरी गोष्ट म्हणजे पट्टी, आणि तुमच्या प्रकरणात खरी काळजी तिचीच. पत्रासोबत जोडलेली भाच्याची कमांड अशी आहे :

```
ffmpeg -i clip.mp4 -vf "crop=iw:ih-90:0:0,fps=12,scale=480:-1" clip.gif
```

मूळ चित्र १०८० बाय १०८० चं, म्हणजे चौरस. `crop` ने खालचे ९० पिक्सेल उडवले, मग `scale` ने रुंदी ४८० केली. म्हणून तुमची जीआयएफ ४८० बाय ४४० ची आहे. चौरस चित्र नुसतं लहान केलं असतं तर ४८० बाय ४८० झालं असतं. ते गेलेले ४० पिक्सेल कोणीही मूळ पोस्टशेजारी ठेवून मोजू शकतो.

आता फाईल मोठी होत होती हे कारण तपासू. ९० पिक्सेल म्हणजे उंचीचा बारावा भाग, त्यामुळे पट्टी कापून क्षेत्रफळ साधारण आठ टक्के घटलं. त्याच कमांडमधल्या `fps=12` ने मात्र मुळात सेकंदाला २४ असलेल्या चौकटी निम्म्या केल्या, १२० वरून ६० वर आणल्या. `scale` ने तर रुंदी निम्म्याहून कमी केली. फाईल लहान झाली ती या दोघांमुळे, पट्टीमुळे नव्हे. तुमचा हेतू वाईट नव्हता हे मला पत्रावरून कळतं, पण समोरचा वकील ही कमांड मोठ्याने वाचून विचारेल, 'आकार कमी करायला नेमकी नाव असलेलीच पट्टी कशी सापडली?' त्यावर उत्तर देणं अवघड आहे.

त्यातून तीन परिणाम निघतात. कलम ६५ बी नुसार हक्क-व्यवस्थापनाची माहिती जाणूनबुजून काढणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. त्या माहितीच्या व्याख्येत कर्त्याचं नाव येतं आणि शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद व दंड अशी आहे. नाव चित्रावरच रंगवलेलं होतं, त्यामुळे ते या व्याख्येत बसतं का यावर वाद घालता येईल, पण त्या वादावर विसंबू नका. दुसरं, कलम ५७ प्रमाणे आपल्या कामाचा कर्ता म्हणवून घेण्याचा कलाकाराला हक्क आहे आणि तो कॉपीराइट विकल्यानंतरही त्याच्याकडेच राहतो. तिसरं, कॉपीराइट असल्याचं माहीत नव्हतं आणि माहीत असण्याचं काही कारणही नव्हतं असं सिद्ध करणाऱ्याला कलम ५५ नुकसानभरपाईतून वाचवतं. ते दार तुम्ही स्वतःच्या हाताने लावून घेतलंत, कारण नाव पाहिल्याशिवाय ते कापता येत नाही.

पोलिसांची धमकी पोकळ आहे का? दुर्दैवाने नाही. कलम ६३ खाली जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड आहे. हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये 'निट प्रो इंटरनॅशनल' प्रकरणात म्हटलं आहे. उल्लंघन धंद्यातल्या फायद्यासाठी नसेल तर न्यायालय कारणं देऊन शिक्षा कमी करू शकतं, पण तुमचं पेज वर्गाच्या प्रवेशासाठी होतं, तेव्हा ती सवलत सहज मिळेल असं धरून चालू नका. कमांड भाच्याने चालवली म्हणून तुम्ही सुटत नाही. प्रसिद्ध तुम्ही केलंत.

तरीही मागितली ती रक्कम डोळे मिटून देऊ नका. आपल्या कायद्यात प्रत्येक उल्लंघनामागे ठरलेली भरपाई नाही. कलाकाराला आपलं नुकसान दाखवावं लागतं, आणि व्यवहारात त्याचं माप म्हणजे अशा वापरासाठी तो एरवी किती घेतो. तेव्हा त्याचे नेहमीचे दर विचारा. त्याहीआधी तो खरोखर कर्ता आहे का, ते पाहा. दुसऱ्याची अ‍ॅनिमेशनं उचलून आपल्या नावाने टाकणारी खाती खूप आहेत आणि चुकीच्या माणसाला पैसे दिले तर खरा मालक पुन्हा दारात उभा राहतो. थरांसकट असलेली मूळ कामाची फाईल किंवा कच्ची रेखाटनं दाखवायला सांगा. खऱ्या चित्रकाराला ते दोन मिनिटांचं काम आहे. नोंदणीचा दाखला मात्र मागत बसू नका, कॉपीराइटला नोंदणी लागत नाही. हे काम त्याने नोकरीत असताना कंपनीसाठी केलं असेल, तर हक्क बहुधा कंपनीचा असतो, म्हणून तेही विचारा.

सात दिवस संपायच्या आत उत्तर जायला हवं. मी असं लिहीन :

'आपला संदेश मिळाला. आपली हरकत कळताच ते चित्र आमच्या पेजवरून अमुक तारखेला काढलं आहे. दोन्ही बाजूंचे हक्क अबाधित ठेवून हा विषय सामोपचाराने मिटवण्याची आमची तयारी आहे. कृपया आपण या कामाचे हक्कधारक असल्याचं दाखवणारी मूळ फाईल आणि अशा वापरासाठीचे आपले नेहमीचे दर कळवावेत.'

यापेक्षा एक शब्दही जास्त नको. 'चुकून झालं', 'भाच्याने केलं', 'नाव मुद्दाम नाही कापलं' यांतलं काहीही लिहू नका, कारण तो मेसेज जपून ठेवणार आहे. फोनवर बोलणं झालं तर जे ठरलं ते त्याच दिवशी लिहून पाठवा.

रक्कम ठरली की नुसती पावती घेऊ नका. परवाना लेखी असावा लागतो. त्यात कामाचं वर्णन, झालेला वापर कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत होता आणि त्याबद्दल यापुढे दिवाणी किंवा फौजदारी तक्रार नाही, हे यायला हवं. बेडूक पुढेही वापरायचा असेल तर काळ आणि प्रदेश लिहून घ्या. काळ लिहिला नाही तर तो पाच वर्षं धरला जातो आणि प्रदेश लिहिला नाही तर भारतापुरता. हे गुन्हा नोंदवला जाण्याआधी झालं तर बरं. एकदा नोंदला की तडजोड होऊनही तो रद्द करून घ्यायला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागू शकते.

आणि परवाना मिळाला तर भाच्याकडून जीआयएफ नव्याने करून घ्या. मूळ `clip.mp4` तीच, कमांडही तीच, फक्त `crop=iw:ih-90:0:0,` एवढं काढून.