शीर्षासन जमतं, पण बसणं जमत नाही

*“दोन वर्षं योगवर्गाला जातोय, शीर्षासनही जमतं. पण ध्यानाला बसलो की दहा मिनिटांत चुळबुळ सुरू होते. मग अष्टांगयोगात मी नेमका कुठे आहे?”*

अगदी याच जागी मी अडकलो होतो. आठ अंगं तुम्हाला पाठ असतीलच, म्हणून थेट तिसऱ्याकडे, आसनाकडे येतो. योगसूत्रांत आसनावर फक्त तीन सूत्रं आहेत, दुसऱ्या पादातली ४६ ते ४८. पहिलं ‘स्थिरसुखमासनम्’ सगळ्यांना माहीत असतं. खरी किल्ली पुढच्यात आहे: प्रयत्न सैल पडला आणि मन अनंतात रमलं की आसन साधतं. वर्गात नेमकं उलटं चालतं. तिथे प्रयत्न वाढवायला शिकवतात.

मी एका संस्थेचा प्रमाणपत्र वर्ग केला. यम-नियम एका तासात उरकले, परीक्षेला व्याख्या आल्या की झालं. पद्मासनाला मात्र गुण होते. माझा उजवा गुडघा जमिनीपासून चार बोटं वर राहायचा. शिक्षकांनी तो हाताने दाबला, आणि मीही दात-ओठ खाऊन दाबू दिला. पद्मासनात मांडी खुब्यातून बाहेर वळावी लागते. ती वळली नाही की सगळा पीळ गुडघ्यावर येतो. आतल्या बाजूला कळ आली ती आठ महिने गेली नाही. तक्रार केली तर “सराव कमी पडतोय” एवढंच उत्तर. याचा राग अजून आहे. अहिंसा हा पहिला यम, तो स्वतःच्या गुडघ्याला लागू नाही का?

पुढे एका जुन्या साधकांनी मला स्वस्तिकासनात बसवलं. बैठकीखाली घोंगडीची जाड घडी, इतकी की गुडघे कमरेच्या खाली आले. पाठ आपोआप उभी राहिली. पाच मिनिटांपासून सुरुवात केली, आणि हलावंसं वाटण्याआधीच उठायचं, हा नियम. अर्ध्या तासापर्यंत यायला मला वर्ष लागलं. आसन बसल्याची खूण एकच सांगतो: पाय आहेत हे विसरायला होतं आणि श्वास न सांगता संथ होतो. ४९वं सूत्र प्राणायाम सुरू करतं तेच ‘तस्मिन् सति’ म्हणून, म्हणजे आसन साधल्यावर. तोवर कुंभकाच्या, म्हणजे श्वास रोखून धरण्याच्या मागे लागू नका, असं माझं ठाम मत आहे. हठयोगाच्या काही परंपरांत क्रम वेगळा लावतात, त्यांच्याशी वाद नाही.

वर्ग सोडा असं मी म्हणत नाही. कंबर मोकळी राहते, बसायला मदतच होते. फक्त शीर्षासनाला तिसऱ्या अंगाची पावती समजू नका. मी डॉक्टर नाही, गुडघा आधीच दुखत असेल तर दाखवून घ्या. आणि बसल्यावर पायाला साध्या मुंग्या आल्या तर थोडं थांबून बघता येतं, पण गुडघ्यात कळ आली तर त्याच क्षणी पाय सोडा.