खुलभर दुधाची कहाणी ६ मिनिटांत बसवताना

आजी श्रावणी सोमवारी सांगायची त्या खुलभर दुधाच्या कहाणीवर ५-६ मिनिटांची ॲनिमेशन शॉर्ट लिहितोय. काय कापायचं, काय एकत्र करायचं आणि काय दाखवायचं हे तुम्ही लोक कसं ठरवता?

हीच कहाणी आम्ही तिघांनी मिळून केलीये, टू-डीमध्ये, टायटल धरून ६ मिनिटं. त्यामुळे आमचं काय काय चुकलं तेच सांगते, त्यातून तुम्हाला तुमचं ठरवता येईल.

पहिला ड्राफ्ट मी कहाणीत आहे तसाच उतरवला. राजाला वाटतं महादेवाचा गाभारा दुधानं भरावा, प्रधान युक्ती सांगतो, दवंडी पिटतात, पहिल्या सोमवारी अख्ख्या गावाचं दूध ओतूनही गाभारा भरत नाही, दुपारी एक म्हातारी घरचं सगळं आटपून येते आणि खुलभर दूध वाहते नि तेवढ्यानं भरतो. दुसऱ्या सोमवारी शिपाई बसवतात, तरी पत्ता लागत नाही. तिसऱ्या सोमवारी राजा स्वतः बसतो, म्हातारीचा हात धरतो, ती घाबरते, अभय मिळाल्यावर सांगते की बाबा तुझ्या हुकमामुळं वासरं उपाशी, पोरं उपाशी, देवाला हे कसं आवडेल. चौथ्या सोमवारी आधी सगळ्यांना दूध पाजतात, मग गाभारा भरतो, म्हातारीला इनाम. त्याचं कच्चं ॲनिमॅटिक केलं, म्हणजे स्टोरीबोर्डची चित्रं टायमिंगला लावून वर माझाच आवाज, तर ते निघालं १० मिनिटं ४० सेकंद. आणि खरं सांगू, तिसऱ्या सोमवारपर्यंत मीच मोबाइल बघायला लागले होते.

आता लांबी हा आमच्यासाठी नुसता कंटाळ्याचा प्रश्न नव्हता. सेकंदाला २४ फ्रेम, एक चित्र दोन फ्रेम धरलं तरी सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे ६ मिनिटांत एकच पात्र सतत हलवायचं म्हटलं तरी ४,३२० चित्रं, आणि चित्रं काढणारे दोघं. म्हणून आम्ही स्क्रिप्टच्या प्रत्येक ओळीला एकच प्रश्न लावला: हे काढलं तर गाभारा का भरत नव्हता ते कळायचं राहतं का? राहत नसेल तर ती ओळ गेली. या कहाणीचा सगळा जीव त्या एका 'का'मध्ये आहे. तुमची दुसरी कुठली कहाणी असती तर प्रश्न वेगळा असता, पण असा एकच प्रश्न आधी सापडायला हवा, नाहीतर प्रत्येकाला आपापला आवडता सीन वाचवायचा असतो (आमच्यात हत्तीवरून दवंडी पिटायचा सीन होता, तो काढायला दोन आठवडे भांडणं झाली).

या प्रश्नावर प्रधान लगेच गेला, युक्ती राजालाच सुचली तर बिघडतं काय? शिपाई गेले. दवंडीवाला आणि देवळातला गुरव यांचं एकच पात्र केलं, देवळात वाजवायचं काम गुरवाकडं असतंच, तोच गावात ढोल वाजवत फिरतो आणि तोच पुढे भरलेला गाभारा पहिल्यांदा बघतो, म्हणजे एक डिझाइन, चालण्याची परत परत वापरायची चित्रं म्हणजे वॉक सायकल तीही एकच, आणि वर हुकूम देणाऱ्याचा निरोप्याच साक्षीदार झाला, हे फुकटात मिळालं. म्हातारीच्या लेकी, सुना, नातवंडं, गाई सगळं मिळून एक सून, एक तान्हं, एक गाय, एक वासरू. इनाम मात्र विचार करून कापलं. पडद्यावर मोहरा दिल्या की बघणाऱ्याला वाटतं म्हातारीनं काहीतरी जिंकलं, पण ती काही जिंकायला आलेलीच नव्हती.

सोमवारांचं सगळ्यात अवघड गेलं. कहाणी ऐकताना 'पुन्हा तसंच झालं' याची एक मजा असते, सांगणारी आवाज बदलते, ऐकणारी मुलं पुढचं आधीच म्हणतात. पडद्यावर तीच गोष्ट दुसऱ्यांदा दाखवली तर नवीन काहीच हातात येत नाही, फक्त वेळ जातो. मग आम्ही लिहून काढलं की प्रत्येक सोमवारी बघणाऱ्याला नवीन काय कळतं. पहिल्याला: भरत नाही, आणि मग कुणामुळं तरी भरतो. दुसऱ्याला: काहीच नाही! तिसऱ्याला: कुणामुळं आणि का. चौथ्याला: राजा बदलला. त्यामुळे दुसरा सरळ गेला. पहिल्या सोमवारी म्हातारी आम्ही दाखवलीच नाही, गुरव परत येतो तर गाभारा भरलेला आणि पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे, बस. तिला पहिल्यांदा नीट बघतो ते राजाबरोबरच, नंदीच्या मागे लपून. म्हणजे घटना तीच पण बघणारा बदलला, असं असेल तरच दुसऱ्यांदा दाखवावं असं माझं मत झालंय.

आता मेन अडचण, म्हातारीचं ते भाषण. पहिल्या ड्राफ्टमध्ये ते ५५ सेकंदांचं होतं, एक म्हातारी उभी राहून बोलतीये, राजा ऐकतोय, ॲनिमेटरनं विचारलं मी यात काढू काय, फक्त तोंड? ते कापायचं तर भाषणात जे आहे ते आधीच डोळ्यांनी दिसलेलं हवं. मी गावाकडच्या मामींकडं दोन दिवस नुसती धार काढताना बघत बसले होते, तिथं उत्तर मिळालं. गाय तशी सहज दूध सोडत नाही, आधी वासरू सोडावं लागतं, ते दोन-चार ढुशा देऊन प्यायला लागलं की गाय पान्हा सोडते, आणि मग वासराला ओढून दाव्यानं खुंटीला बांधतात आणि धार काढतात. नेहमी एखादं आचळ वासरासाठी राखतात. राजाच्या हुकमाच्या सकाळी ते राखत नाहीत, एवढाच फरक. तर आमचा शॉट असा: खालून कॅमेरा, वासरू ढुशी देतंय, तोंडाला फेस, एक हात फ्रेममध्ये येतो आणि दावं ओढतो, वासराचे पाय मातीत घसटत मागे जातात, जीभ अजून बाहेर, आणि मागे चरवीत धारेचा आवाज सुरू होतो, भांडं भरत जातं तसा तो आवाज बदलत जातो, तो संपेपर्यंत कॅमेरा वासरावरच. ९ सेकंद. यात एक शब्द नाही, हात कुणाचा तेही दाखवत नाही, कारण तो गावातल्या कुणाचाही असू शकतो. हाच शॉट फिल्ममधल्या दुसऱ्या, म्हणजे कहाणीतल्या तिसऱ्या सोमवारी म्हातारीच्या गोठ्यात परत येतो, तोच कॅमेरा, तीच बॅकग्राउंड थोडी रंग बदलून, फक्त हात येतच नाही. राजा तिच्या मागोमाग घरापर्यंत जातो आणि हे दारातून बघतो. भाषण गेलं.

दुसरी गोष्ट दुधाची. भरपूर दूध वाहताना काढणं म्हणजे जीव जातो, आणि आमच्या वर्गातल्या एका मित्रानं स्क्रिप्ट वाचून विचारलं की अगं पण पिंडीवर ओतलेलं शाळुंकेवरून गोमुखातून बाहेर जातंच की, गाभारा भरेल कसा? मी आधी चिडले, मग लक्षात आलं की ही तर लॉटरी आहे. मूळ कहाणीत गोमुखाचा उल्लेख नाही, हे आम्ही घातलं. गावाचं सगळं दूध आत ओतलं जातं ते आम्ही फक्त आवाजानं आणि हंड्यांच्या रांगेनं दाखवलं, आणि कॅमेरा लावला देवळाबाहेर गोमुखावर, तिथून दूध धो धो वाहतंय आणि चिखलात मिसळून पांढरट चिखल झालाय. भरत का नाही ते चित्रातच आलं. म्हातारीच्या वेळी तोच शॉट, धार बारीक होते, एक थेंब लोंबकळतो, पडत नाही. मग आत, गाभारा दोन पायऱ्या खाली आहे, छतावर हलता पांढुरका उजेड, पायरी दिसेनाशी झालीये. चमत्कार एवढाच दाखवला, दूध चढताना एकदाही नाही. मध्ये एका ड्राफ्टमध्ये बाहेर वाहणारं दूध उपाशी वासरू येऊन चाटतं असं केलं होतं, फार गोड दिसत होतं, पण मग वासराचं पोट भरलं की कहाणीच मेली ना, त्यामुळे काढलं.

आणि चूक कुठं झाली ते सांगते, ही तुमच्याकडूनही होईल. ॲनिमॅटिक आम्ही सोसायटीतल्या ८-१० वर्षांच्या मुलांना दाखवलं आणि बघून झाल्यावर काहीही न समजावता फक्त विचारलं, गाभारा का भरला? बहुतेकांचं उत्तर: आजीचं भांडं जादूचं होतं. कारण आम्ही त्या छोट्या भांड्याचा क्लोजअप दिला होता, वर पितळेला चमक, खाली घंटानाद. मोठं करून दाखवलं आणि चमकवलं की मुलं त्यालाच कारण समजणार, त्यांची काय चूक. मग भांड्याचा क्लोजअप काढला, आता ते म्हातारीच्या पदराखाली अर्धवट दिसतं, आणि भांडं हातात घ्यायच्या आधी तिच्या सुनेचं तान्हं ढेकर देऊन झोपतं हा ४ सेकंदांचा शॉट वाढवला. शिवाय आवाज: पहिल्या सोमवारी देवळातल्या प्रत्येक शॉटमागे लांबून हंबरणं आणि रडणं चालू आहे, म्हातारीच्या घरात शिरल्यावर पहिल्यांदा शांतता. दुसऱ्यांदा वेगळ्या मुलांना दाखवलं तेव्हा एकानं सांगितलं, 'कारण तिचं वासरू रडत नव्हतं.' मग आम्ही स्क्रिप्ट लॉक केली. तुम्ही असं दाखवाल तेव्हा 'आवडलं का' विचारू नका, 'का झालं' विचारा, आणि कहाणी माहीत नसलेल्यांना विचारा, कारण माहीत असलेले सगळं मनातूनच भरून काढतात.

एक अडचण आमच्याकडून शेवटपर्यंत नीट सुटली नाही. म्हातारीनं वाहिलं तेव्हा गावातली बाकीची वासरं उपाशीच होती, मग गाभारा भरला कसा असं कुणी विचारलं तर फिल्ममध्ये उत्तर नाही. कहाणीत चालून जातं कारण ऐकणारा थांबून विचारत नाही. आम्ही चौथा सोमवार म्हणून शेवटी ११ सेकंद ठेवलेत, त्यात राजा गोठ्यात वाकून एका वासराचं दावं सोडतो, मग दुसऱ्याचं, कट टू गोमुख, कोरडं, वर एक चिमणी बसलीये. गाभारा आत भरलाय की नाही हे दाखवतच नाही.

व्हॉइसओव्हर फक्त 'आटपाट नगर होतं' एवढाच, तोही आमच्यातल्या एकाच्या आजीच्या आवाजात. तिनं पूर्ण फिल्म बघून पहिला प्रश्न विचारला, 'साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी कुठंय?' त्यावर अजून आमच्यात वाद चालू आहे, तुम्हाला काय वाटतं सांगा.