व्हिडिओ रेझ्युमेतलं एक मिनिट

प्रश्न: व्हिडिओ रेझ्युमेसाठी स्वतःची ओळख लिहितोय. एका मिनिटात काही केल्या बसत नाही, आणि वाचून दाखवताना आवाज घाबरल्यासारखा येतो. नक्की काय आणि कसं लिहू?

भरतीच्या कामामुळे मी असे व्हिडिओ बरेच बघतो. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक एकच असावं: तुम्ही वाचायचा मजकूर लिहिताय, बोलायचा नाही.

आधी वेळेचं गणित. मिनिट म्हणजे बोलायला 60 सेकंद नसतात. बटण दाबल्यावर सावरायला आणि शेवटी थांबायला दोन-तीन सेकंद जातात, मध्ये श्वासाच्या जागा हव्यात. 50 सेकंद धरून लिहा. शब्द किती ते ज्याच्या त्याच्या वेगावर. मोबाइलवर 30 सेकंद लावा, आपलाच मजकूर समोर कोणी बसलंय असं समजून मोठ्यानं बोला आणि कुठवर पोचलात ते मोजा. मी मिनिटाला साधारण 105 शब्द बोलतो, म्हणजे माझ्या वाट्याला 85 ते 90 येतात. मनात वाचून वेळ लावू नका, मनात आपण फार पळतो.

आता आवाजाचं. माझ्या मावसबहिणीनं गेल्या वर्षी असाच व्हिडिओ केला होता. तिच्या पहिल्या खर्ड्यातलं एक वाक्य जसंच्या तसं देतो:

«वाणिज्य शाखेतून पदवी प्राप्त केल्यानंतर मी एका वितरण कंपनीत स्टोअर असिस्टंट या पदावर कार्यरत असून तेथे साठ्याच्या नोंदी ठेवणे, आवक-जावक तपासणे तसेच मासिक मोजणीत सहभागी होणे अशा विविध जबाबदाऱ्या मी पार पाडत आहे.»

अर्जात हे खपतं. बोलून बघा म्हणजे कळेल. मराठीत क्रियापद शेवटी येतं, आणि इतक्या लांब वाक्याच्या शेवटाला पोचेपर्यंत श्वास संपलेला असतो. ‘पार पाडत आहे’ ओठातल्या ओठात विरतं. म्हणजे तुम्ही काय करता हे सांगणारा शब्दच सगळ्यात दबक्या आवाजात येतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हिची स्वतःचीच खात्री नाही. प्रत्यक्षात भीतीबिती काही नसते, दम संपलेला असतो. ‘असून’, ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’ दिसलं की तिथे वाक्य तोडा. एका श्वासात बोलून वर थोडा श्वास उरला पाहिजे, अशा बेतानं आठ-दहा शब्द पुरतात.

दुसरी गोष्ट, त्या वाक्यात ती कुठेच दिसत नाही. नोंदी ठेवणे, तपासणे, सहभागी होणे हे त्या पदावरचा कोणीही करतो. मी तिला विचारलं, तू नसतीस तर तिथे काय वेगळं झालं असतं? बराच वेळ ‘तसं काही नाही रे’ चाललं होतं. मग सहज म्हणाली, ‘मोजणी अजूनही तीन दिवस चालत राहिली असती.’ तिच्या गोदामात महिनाअखेरीला सगळा माल एकदम मोजायचे आणि तोवर गाड्या उभ्या. तिनं रोज एकेक रॅक मोजायला सुरुवात केली. हे तिच्या खर्ड्यात नव्हतंच! शेवटी ओळख अशी झाली:

«नमस्कार, मी अमुक अमुक. गेली दोन वर्षं मी गोदामातला स्टॉक सांभाळते.

आमच्याकडे महिनाअखेरीची मोजणी तीन दिवस चालायची. तेवढे दिवस माल पाठवणं बंद. मी मोजणीची पद्धत बदलली. रोज सकाळी अर्धा तास, फक्त एक रॅक. महिन्याभरात सगळे रॅक मोजून होतात. आता महिनाअखेरीची मोजणी एका दुपारी संपते, आणि माल पाठवणं थांबत नाही.

फरक सापडला की त्याचं कारण त्याच दिवशी शोधायचं, हे मी तिथे शिकले. एक्सेल मी रोज वापरते.

तुमच्याकडे इन्व्हेंटरी एक्झिक्युटिव्हची जागा आहे. ते काम मला येतं, आणि मला ते करायचं आहे. माझा बायोडेटा सोबत आहे. धन्यवाद.»

हे 85 शब्दांच्या आत आहे. पदवी गेली, टक्के गेले, आवडीनिवडी गेल्या, कारण ते सगळं बायोडेटात आहेच. एकच काम सांगितलं, पण आधी काय होतं, मी काय केलं आणि आता काय होतं हे तिन्ही सांगितलं. दोन कामं सांगायचा मोह होतो. 50 सेकंदांत दोन्ही अर्धवट राहतात. तुम्ही नुकतेच शिकून बाहेर पडला असाल तर कॉलेजचा प्रोजेक्टही चालेल, फक्त त्यातला तुमचा स्वतःचा वाटा सांगा. ‘आम्ही केलं’ ऐकलं की मला लगेच वाटतं, यातलं यानं काय केलं?

तिच्या मधल्या खर्ड्यात ‘मोजणीची पद्धत थोडीफार बदलण्याचा प्रयत्न केला’ असं होतं. बदलली होती ना? मग ‘बदलली’. ‘थोडंफार’, ‘बऱ्यापैकी’, ‘असं मला वाटतं’ हे आपण नम्रपणे म्हणतो, पण कॅमेऱ्यासमोर ते कच्चेपणा वाटतं. उलट ‘मी अत्यंत मेहनती आणि आत्मविश्वासू आहे’ हेही नको. अशी वाक्यं इतकी ऐकलीत की कानावरून निघून जातात. आकडे असतील तर जसे तोंडात येतात तसे अक्षरांत लिहा. 1,240 दिसलं की जीभ अडखळते, ‘साडेबाराशेच्या आसपास’ सहज निघतं.

पाठांतर मात्र शब्दन्‌शब्द करू नका. एक शब्द निसटला की डोळे वर जातात आणि पुढचं सगळं कोसळतं. पहिलं आणि शेवटचं वाक्य पक्कं पाठ ठेवा. मधल्यासाठी चिठ्ठीवर चार शब्द: तीन दिवस, एक रॅक, एक दुपार, एक्सेल. चिठ्ठी लेन्सच्या अगदी शेजारी चिकटवा. पूर्ण मजकूर स्क्रीनवर ठेवून वाचलात तर डोळ्यांची डावी-उजवी हालचाल स्पष्ट दिसते. आम्हाला ती पहिल्या पाच सेकंदांत कळते.

नाव सांगताना मुद्दाम हळू. रोजचं असल्यामुळे आपण नावच सगळ्यात घाईत बोलतो, आणि ऐकणाऱ्याला तेच नवीन असतं.

चार-पाच टेक घ्या आणि लगेच बघू नका. फोन पालथा ठेवून आधी नुसतं ऐका. प्रत्येक वाक्याचं क्रियापद नीट ऐकू येतंय का, एवढंच तपासा. जिथे विरतंय ते वाक्य अजून लांब आहे, ते तोडा आणि परत बोला. माझ्या बहिणीचं ‘आता महिनाअखेरीची...’ हे वाक्य तिसऱ्या टेकपर्यंत विरत होतं. ‘आणि’च्या आधी तिनं श्वास घेतला, तेव्हा कुठे ‘थांबत नाही’ खणखणीत आलं. ‘धन्यवाद’ म्हटल्यावर लगेच बटणाकडे हात नेऊ नका, एक सेकंद लेन्सकडे बघत राहा. तिच्या फाइलची लांबी भरली 53 सेकंद.